फिल्म तयार झाली, आता आधी कुठे पाठवायची? फेस्टिव्हलचं गणित, एका 18 मिनिटांच्या शॉर्ट फिल्मच्या हिशेबाने

2025 च्या जानेवारीत ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या स्पर्धेतला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे तो चित्रपटगृहात आला तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. मधले आठ महिने अनेकांना कोड्यात टाकणारे होते. एवढा मोठा पुरस्कार मिळाल्यावर सिनेमा लगेच का लावला नाही? आणि पुरस्काराआधी तो इथे कुठेच कसा दिसला नव्हता?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. फेस्टिव्हलच्या जगात सिनेमाचा पहिला खेळ कुठे झाला याला फार मोल असतं आणि ते मोल एकदाच वापरता येतं. ठाणे, डोंबिवली, वाशी, पनवेल या पट्ट्यात सध्या मोबाइलवर किंवा भाड्याच्या कॅमेऱ्यावर उत्तम शॉर्ट फिल्म बनवणारे गट पुष्कळ आहेत. शूटिंगचा पै-पैचा हिशेब ते ठेवतात, पण फिल्म पूर्ण झाल्यावर ती कुठे आणि कोणत्या क्रमाने पाठवायची याचा विचार मात्र फिल्म पाठवून झाल्यावर करतात. म्हणून एक काल्पनिक पण अगदी इथलीच फिल्म घेऊन सगळा हिशेब मांडू.

समजा, ऐरोलीजवळच्या दिवा गावातल्या एका कोळी कुटुंबावर 18 मिनिटांची कथात्म शॉर्ट फिल्म आहे. संवाद आगरी-कोळी बोलीत आहेत. जूनअखेर फिल्म पूर्ण होईल. फेस्टिव्हलसाठी बाजूला ठेवलेली रक्कम 40 हजार रुपये.

## प्रीमियर म्हणजे नक्की काय?

प्रीमियर म्हणजे एखाद्या भूभागात झालेला फिल्मचा पहिला जाहीर खेळ. शोरूममधली कोरी गाडी आठवा. एकदा तिच्यावर एमएच-43 ची पाटी लागली की ती उत्तम चालते, पण कोरी म्हणून विकता येत नाही. फिल्मचंही तसंच, फक्त एक फरक आहे. फिल्मला एकच कोरेपण नसतं, एकात एक अशी बरीच असतात.

सगळ्यात मोठं वर्ल्ड प्रीमियर, म्हणजे जगातला पहिला खेळ. त्यानंतर इंटरनॅशनल प्रीमियर, म्हणजे फिल्म ज्या देशाची आहे त्या देशाबाहेरचा पहिला खेळ. मग खंडाचा (आशियाई, युरोपीय वगैरे), मग देशाचा, मग राज्याचा किंवा शहराचा.

इथे बहुतेकांची गफलत होते. ‘फिल्म एकदा दाखवली की प्रीमियर गेला’ असं सरसकट समजलं जातं. प्रत्यक्षात काय गेलं आणि काय उरलं ते खेळ कुठे झाला यावर ठरतं. आपल्या दिवा गावच्या फिल्मचे तीन वेगवेगळे पहिले खेळ कल्पून पाहू.

पहिला खेळ ठाण्यातल्या एखाद्या सभागृहात, तिकीट लावून झाला. वर्ल्ड गेला, आशियाई गेला, भारतीय गेला, महाराष्ट्रातलाही गेला. पण इंटरनॅशनल शाबूत आहे, कारण फिल्म देशाबाहेर अजून गेलेलीच नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकाही कोरे आहेत.

पहिला खेळ दुबईत, एका ओळखीच्या मंडळाच्या कार्यक्रमात झाला. वर्ल्ड गेला, इंटरनॅशनल गेला आणि दुबई आशियात असल्यामुळे आशियाईसुद्धा गेला. हातात उरला भारतीय, शिवाय युरोप आणि अमेरिका.

पहिला खेळ नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवात झाला. वर्ल्ड, इंटरनॅशनल आणि युरोपीय गेले, आशियाई आणि भारतीय उरले. पण बदल्यात एका नामांकित महोत्सवाचं नाव फिल्मला कायमचं जोडलं गेलं.

दुसरं उदाहरण पुन्हा वाचा. परदेशातल्या नातेवाइकाने हौसेने ठरवलेला, पन्नास माणसांचा खेळ ठाण्यातल्या भरगच्च खेळापेक्षा महाग पडला. आपल्याकडे लोक घाबरतात ते घरच्या खेळाला आणि बेफिकीर असतात ते परदेशातल्या ‘छोट्याशा’ खेळाबद्दल आणि यूट्यूबबद्दल. खरं गणित बरोबर उलटं आहे.

## यूट्यूब, सोसायटीचा हॉल आणि युनिटचा खेळ

यूट्यूबवर सर्वांसाठी खुली केलेली फिल्म एकाच क्षणी सगळ्या देशांत दिसते. त्यामुळे बरेच महोत्सव ती जगभर प्रदर्शित झाली असं मानतात आणि नंतर व्हिडिओ काढून टाकला तरी ‘पूर्वी ऑनलाइन होती का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर बदलत नाही. शॉर्ट फिल्मच्या बाबतीत काही महोत्सव उदार आहेत. सनडान्सच्या शॉर्ट विभागात प्रीमियरची अट नाही, आधी ऑनलाइन असलेली फिल्मही चालते. पण एका उदार महोत्सवासाठी बाकीची सगळी दारं लावून घेण्यात अर्थ नाही.

कलाकार, तंत्रज्ञ आणि घरच्यांसाठी ठेवलेला, तिकीट नसलेला, जाहिरात न केलेला खेळ सहसा जाहीर खेळ धरला जात नाही. तो खुशाल करा, करायलाच हवा. घसरतं ते दोन ठिकाणी. एक, त्या खेळाचं ‘भव्य प्रीमियर’ असं पोस्टर करून इन्स्टाग्रामवर टाकलं जातं. महोत्सवाची निवड करणारी माणसं नाव शोधून पाहतात आणि पोस्टरवरची तारीख व स्थळ त्यांना दिसतं. दोन, सोसायटीच्या गणपतीत किंवा कॉलेजच्या स्पर्धेत ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून फिल्म दाखवली जाते आणि कुणीतरी स्थानिक बातमी छापून आणतं. खासगी खेळाला खासगीच ठेवा, ‘युनिटसाठी खेळ’ एवढंच म्हणा.

फिल्मची लिंक पाठवताना पासवर्ड लावा. ‘अनलिस्टेड’ लिंकला पासवर्ड नसतो. ती एका व्हॉट्सअ‍ॅप गटातून दुसऱ्या गटात गेली की तुमच्या हातात काही राहत नाही.

## ‘आमची तर शॉर्ट फिल्म, प्रीमियर कोण विचारतो?’

आक्षेप अर्धा बरोबर आहे. प्रीमियरचा कडक आग्रह पूर्ण लांबीच्या चित्रपटांना असतो. शॉर्टच्या जगात बरेच चांगले महोत्सव तो धरत नाहीत. फ्रान्समधला क्लेरमाँ-फेराँ हा शॉर्ट फिल्मचा सगळ्यात मोठा महोत्सव, पण तिथेही प्रीमियर मागत नाहीत. उलट बर्लिनसारख्या ठिकाणी फिल्म मूळ देशाबाहेर आधी दाखवलेली नसावी अशी अपेक्षा असते.

म्हणजे अट कुणाची आहे आणि कुणाची नाही हे ज्याच्या त्याच्या नियमावलीतच पाहायला हवं. नियमावली वाचताना चार गोष्टी शोधायच्या: प्रीमियरची अट, ऑनलाइनबद्दलचं वाक्य, कमाल लांबी आणि फिल्म कोणत्या तारखेनंतर पूर्ण झालेली हवी ती तारीख. प्रत्येक महोत्सवामागे दहा मिनिटं लागतात. वीस महोत्सवांची यादी असेल तर रविवारची एक दुपार पुरते. ज्यांच्या नियमावलीत एखादा मुद्दा स्पष्ट नसेल त्यांना ईमेल करून विचारा. लेखी उत्तर मिळतं आणि ते जपून ठेवता येतं.

पूर्णत्वाच्या तारखेबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. बरेच महोत्सव गेल्या बारा ते चोवीस महिन्यांत पूर्ण झालेल्याच फिल्म घेतात. फिल्म डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाईने पूर्ण करून शेवटच्या पाटीवर ते वर्ष टाकलं, तर आठच दिवसांत ती कागदोपत्री ‘गेल्या वर्षीची’ होते. शेवटचं साउंड मिक्सिंग अजून व्हायचंच असेल तर ते जानेवारीत नीट करा आणि त्याच वर्षाची पाटी लावा. खोटी तारीख मात्र घालू नका. पहिल्या खेळाच्या बातमीवरून ती सहज उघडी पडते.

## विभाग निवडताना

लांबीपासून सुरुवात करा, कारण ती मोजता येते. कान महोत्सवाच्या शॉर्ट स्पर्धेत श्रेयनामावली धरून 15 मिनिटांची मर्यादा आहे. म्हणजे आपली 18 मिनिटांची फिल्म तिथे बसतच नाही. व्हेनिसमध्ये शॉर्टसाठी 20 मिनिटं, बर्लिनमध्ये 30, सनडान्समध्ये 50 मिनिटांच्या आत, ऑस्करच्या व्याख्येत 40. तिथे ती बसते.

मग तीन मिनिटं कापून 15 वर आणायची का? केवळ कानसाठी नको. पण निवड करणाऱ्याच्या बाजूने एकदा विचार करा. त्याच्याकडे नव्वद मिनिटांचा एक खेळ असतो आणि त्यात सहा-सात फिल्म बसवायच्या असतात. 18 ऐवजी 15 मिनिटांची फिल्म त्याला बसवायला सोपी जाते. त्यातही आपल्याकडच्या शॉर्ट फिल्मच्या सुरुवातीला निर्मितीसंस्थांची बोधचिन्हं, ‘सादर करीत आहेत’, ऋणनिर्देश अशा पाट्या मिनिटभर चालतात. हा मजकूर शेवटी न्या. गोष्टीला हात न लावता चाळीस-पन्नास सेकंद तिथेच वाचतात. आणि 45 मिनिटांची फिल्म करत असाल तर शूटिंगच्या आधीच सावध व्हा. धड शॉर्ट नाही, धड फीचर नाही, अशा लांबीला जागा फार थोड्या.

प्रकार निवडताना सरळ राहा. फिल्ममध्ये खरे कोळी दिसतात म्हणून ती माहितीपट होत नाही. गोष्ट लिहून, अभिनय करवून घेतला असेल तर ती कथात्मच. विद्यार्थी विभागाची फी कमी असते, पण तिथे शिक्षण चालू असतानाच फिल्म केल्याचं संस्थेचं पत्र मागतात. एका फिल्मची नोंद तीन विभागांत करण्याचा मोह होतो, पण तीन विभाग म्हणजे तीन फी. फिल्म पाहणारे लोक मात्र बहुधा तेच असतात. सर्वोत्कृष्ट अभिनेता, सर्वोत्कृष्ट पोस्टर, सर्वोत्कृष्ट पार्श्वसंगीत अशा प्रत्येक पुरस्कारासाठी वेगळी फी लावणारा महोत्सव दिसला तर तिथेच थांबा. अशाची चर्चा पुढे आहे.

## फीचा खरा हिशेब

बहुतेक एंट्री फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावरून जातात. तिथे एकाच महोत्सवाच्या तीन-चार मुदती असतात आणि प्रत्येक पुढच्या मुदतीला फी चढत जाते. लग्नाच्या हॉलसारखंच आहे, तारीख जवळ आली की दर वाढतो.

उदाहरणासाठी डॉलर 90 रुपये धरू. पहिल्या मुदतीत एका महोत्सवाची फी 45 डॉलर आहे, म्हणजे 4,050 रुपये. परकीय चलनातल्या व्यवहारावर कार्ड साडेतीन टक्के आकारत असेल, तर त्याचे साधारण 142 रुपये आणि त्या आकारणीवर 18 टक्के जीएसटीचे 26 रुपये. एकूण 4,218. त्याच महोत्सवाची शेवटच्या मुदतीतली फी 75 डॉलर असेल तर हाच हिशेब 7,029 रुपयांवर जातो. नुसत्या दिरंगाईचे 2,800 रुपये. आणि दिरंगाईत एवढंच जात नाही. शेवटच्या आठवड्यात एंट्रींचा पूर येतो आणि तोवर निवड करणाऱ्यांच्या कच्च्या यादीतल्या काही जागा भरलेल्या असतात.

आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का हे बँकेच्या ॲपमध्ये आधीच पाहून ठेवा. मुदतीच्या रात्री साडेअकराला पेमेंट अडकतं तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता 40 हजार कसे वाटायचे? एक शहाणी वाटणी अशी. वरच्या तीन महोत्सवांना प्रत्येकी 4,218, म्हणजे 12,654. मधल्या पाच महोत्सवांना सरासरी 20 डॉलर, कार्डाचा खर्च धरून प्रत्येकी 1,874, म्हणजे 9,370. भारतातल्या सहा महोत्सवांना सरासरी हजार रुपये धरले तर 6,000. बेरीज 28,024. उरलेले जवळपास 12 हजार एंट्रीत घालवू नका. निवड झाल्यावर थिएटरसाठी लागणारी फाइल, सबटायटलची दुरुस्ती आणि दुसऱ्या फेरीच्या एंट्री त्यातूनच करायच्या आहेत. निवड झाली आणि फाइल बनवायला पैसे नाहीत ही अवस्था फार वाईट.

फी माफ होते का? विचारल्यास कधीकधी होते, म्हणून विचारायचं. पण ‘आम्ही गरीब फिल्ममेकर आहोत’ एवढंच लिहिलेलं पत्र त्यांना रोज येतं. पाच-सहा ओळी पुरेत: फिल्मचं नाव, लांबी, भाषा. एका वाक्यात गोष्ट. त्याच महोत्सवाच्या कोणत्या विभागात ती शोभेल आणि का. तिचा कोणता प्रीमियर शिल्लक आहे. आणि शेवटी सरळ विनंती, पूर्ण माफी शक्य नसेल तर सवलत मिळेल का. हे पत्र पहिल्या मुदतीच्या तीन-चार आठवडे आधी जायला हवं. नकार आला तरी स्वस्त मुदत हातात राहते.

## ‘दर महिन्याला पुरस्कार देणारे ते महोत्सव?’

त्यांच्यापासून लांब राहा, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. वीस-पंचवीस डॉलर भरले की पोस्टरवर लावायची पानांची माळ मिळते. तिला लॉरेल म्हणतात. अशा वीस माळा लावलेलं पोस्टर फेसबुकवर शोभून दिसतं, पण अनुभवी निवडकर्त्याला ते पाहून एवढंच कळतं की या फिल्मचे पैसे चुकीच्या ठिकाणी गेलेत.

ओळखायचं कसं? गेल्या वर्षीचं वेळापत्रक उघडा. सभागृहाचं नाव, दिवस, वेळ आणि कोणती फिल्म कधी होती हे दिसतं का? प्रेक्षक बसलेल्या सभागृहाचे फोटो आहेत का, की फक्त ट्रॉफीचेच आहेत? निवड कोण करतं त्यांची नावं आहेत का? पुरस्कारांची संख्या फिल्मच्या संख्येच्या जवळ जाते का? ट्रॉफीचे आणि प्रमाणपत्राचे पैसे वेगळे आहेत का? दोन प्रश्नांची उत्तरं वाईट आली तरी ती फी वाचवा. खरी फिल्म खऱ्या पडद्यावर अनोळखी माणसांनी पाहावी यासाठी हा सगळा खटाटोप आहे. जिथे पडदाच नाही तिथे पैसे भरून काय मिळणार?

## वेळापत्रक, शेवटापासून सुरुवातीकडे

आधी सगळ्यात वरचं उद्दिष्ट ठरवायचं आणि तिथून मागे यायचं. रॉटरडॅम आणि क्लेरमाँ-फेराँ जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात, सनडान्स जानेवारीत असतो, बर्लिन फेब्रुवारीत. जूनअखेर पूर्ण होणाऱ्या फिल्मसाठी हाच पहिला नैसर्गिक टप्पा. व्हेनिस ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबराच्या सुरुवातीला सुरू होतो, पण त्याची मुदत जूनच्या सुमारास संपते. अर्धवट मिक्सिंगची फिल्म तिथे ढकलण्याचा मोह टाळा. निवड करणारा माणूस एक फिल्म एकदाच बघतो, ‘आता आवाज नीट केलाय’ म्हणून पुन्हा उघडत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये संकलन चालू असतानाच यादी करा आणि नियमावल्या वाचा. मेअखेर दृश्यांचं संकलन पक्कं. जूनमध्ये आवाज, रंग आणि इंग्रजी सबटायटल. सबटायटलला पूर्ण आठवडा द्या, तेही बोली जाणणारा आणि चांगलं इंग्रजी येणारा अशा दोघांनी शेजारी बसून. आगरीतल्या एका वाक्यात राग आणि माया दोन्ही असतात आणि शब्दशः भाषांतरात दोन्ही हरवतात. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं. ज्याने फिल्म पाहिलेली नाही अशा माणसाला आवाज बंद करून ती दाखवा. जिथे तो वाचता वाचता मागे पडतो तिथे मजकूर कमी करा.

जुलै-ऑगस्टमध्ये सनडान्स आणि क्लेरमाँ-फेराँ, सप्टेंबर ते नोव्हेंबर रॉटरडॅम आणि बर्लिन. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून आदल्या वर्षीची तारीख गृहीत धरू नका. मोठ्यांची उत्तरं येतात डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत.

आणि भारतातले महोत्सव? इथे पहिल्या भागातला हिशेब कामाला येतो. गोव्याचा इफ्फी नोव्हेंबरात असतो, धरमशाला महोत्सव ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. यांच्यातल्या एकाने घेतलं तर वर्ल्ड जाईल, इंटरनॅशनल राहील. आपल्या यादीतल्या परदेशी महोत्सवांना इंटरनॅशनल पुरत असेल, तर नोव्हेंबरात गोव्याला हो म्हणायला हरकत नाही. यादीत वर्ल्डची अट असलेलं एखादं नाव असेल, तर जानेवारीपर्यंत धीर धरायचा की नाही हे आधीच, शांत डोक्याने ठरवून लिहून ठेवा. निवडीचा ईमेल आल्यावर डोकं शांत नसतं. माझं मत विचाराल तर पहिल्या शॉर्टला गोव्याच्या पडद्यावर नेऊन, इंटरनॅशनल राखून पुढे जाणं हा उत्तम सौदा आहे.

## एकाच वेळी दोन ठिकाणांहून ‘हो’ आलं तर?

एकाच वेळी दहा ठिकाणी एंट्री करणं चुकीचं नाही, सगळे तसंच करतात. पेच येतो तो निवडीनंतर. समजा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आशियातल्याच एका मधल्या फळीच्या परदेशी महोत्सवाने फिल्म घेतली, त्यांचा खेळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि बर्लिनचं उत्तर अजून आलेलं नाही. हो म्हटलं की इंटरनॅशनल तिथेच खर्च झाला.

त्याच दिवशी दोन ईमेल लिहायचे. निवड केलेल्या महोत्सवाला आभार मानून सात दिवसांची मुदत मागायची आणि कारण खरं सांगायचं. बर्लिनला कळवायचं की आपल्याला दुसरीकडून निवडीचं पत्र आलं आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, फिल्म अजून विचारात आहे का? उत्तर येईलच असं नाही. पण आलं तर ते बहुधा प्रामाणिक असतं. सात दिवसांत काहीच कळलं नाही तर हातातलं घ्या. ज्यांनी फिल्म निवडली आहे त्यांना शक्यतेच्या आशेवर ताटकळत ठेवू नका.

एकदा हो म्हटल्यावर, विशेषतः नाव जाहीर झाल्यावर, फिल्म मागे घेऊ नका. बऱ्याच नियमावल्यांत तशी बंदीच असते आणि निवड करणारी माणसं एकमेकांना ओळखतात. जिथल्या एंट्री आता नियमात बसत नाहीत, त्या मात्र संकेतस्थळावरून स्वतःहून काढा. फी परत मिळत नाही, पण त्यांचा वेळ वाचतो आणि पुढच्या फिल्मच्या वेळी नाव चांगलं राहतं.

## निवड झाली, पुढे?

थिएटरचा प्रोजेक्टर एमपी4 फाइल चालवत नाही. त्याला डीसीपी लागतो, म्हणजे थिएटरच्या मशीनसाठी चित्र, आवाज आणि सबटायटल वेगवेगळे बांधून दिलेलं गाठोडं. घरच्या लॅपटॉपवर केलेल्या डीसीपीत तीन गोष्टी हमखास बिघडतात: रंग फिके किंवा हिरवट दिसतात, संवाद मधल्या स्पीकरऐवजी बाजूच्या स्पीकरमधून येतात, किंवा सबटायटल दिसतच नाहीत. तिन्ही दोष संगणकाच्या पडद्यावर कळत नाहीत. म्हणून एखाद्या मल्टिप्लेक्सला सकाळच्या पहिल्या खेळाआधीचा अर्धा तास भाड्याने मागा आणि पूर्ण 18 मिनिटं चालवून पाहा, पहिली दोनच नव्हे.

सेन्सॉर प्रमाणपत्राची चिंता अनेकांना असते. भारतातल्या महोत्सवात प्रमाणपत्र नसलेली फिल्म दाखवण्यासाठी सूट मिळू शकते आणि त्यासाठीचा अर्ज केंद्राकडे महोत्सवाने करायचा असतो. तुम्ही फक्त ते मागतील ती माहिती वेळेत द्यायची. गाण्याचे हक्क मात्र तुमची जबाबदारी. मागे रेडिओवर वाजणारं जुनं कोळीगीत असेल आणि त्याची लेखी परवानगी नसेल, तर निवडीनंतर ते काढण्यासाठी पुन्हा मिक्सिंग करावं लागतं.

## आणि सगळीकडून नकार आला तर?

जानेवारीच्या मध्यावर वरच्या तिघांचे नकार आले, तरी फिल्मकडे अजून पुष्कळ शिल्लक असतं. जर्मनीतला ओबरहाउझन एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला असतो. मुंबईतला मिफ हा माहितीपट, शॉर्ट आणि अ‍ॅनिमेशनचा महोत्सव दर दोन वर्षांनी, सम वर्षी भरतो. ठाण्या-नवी मुंबईकरांना घरून जाऊन येता येईल असा तो मोठा महोत्सव आहे. बंगळुरूचा आंतरराष्ट्रीय शॉर्ट फिल्म महोत्सव ऑस्करसाठी पात्रता देणाऱ्यांच्या यादीत असल्यामुळे तिथली स्पर्धाही तगडी असते. राखून ठेवलेल्या 12 हजारांतून दुसऱ्या फेरीच्या तीन-चार एंट्री निघतात.

या फेरीत प्रीमियर जपत बसू नका. पहिला चांगला, खरा पडदा मिळेल तिथे हो म्हणा. मग ठाण्यात, ऐरोलीत, दिवा गावाच्या चौकात, जिथे लोक बोलावतील तिथे दाखवा. फिल्म ज्यांच्यावर आहे त्या माणसांनी ती मोठ्या पडद्यावर पाहायलाच हवी. पूर्ण झाल्यापासून साधारण दीड-दोन वर्षांत बहुतेक महोत्सवांच्या तारखेच्या अटीतून ती बाहेर पडते. यादीतली शेवटची मुदत गेली की मग यूट्यूबवर टाका, सबटायटलची फाइल वेगळी जोडून, म्हणजे वाचणाऱ्याला ती हवी तेव्हा चालू-बंद करता येईल.